पॉवरपॉइंट ते कीनोट, आणि परत

एखाद्या .pptx फाइलीची प्रत काढा, नावातले शेवटचे .pptx पुसून तिथे .zip लिहा आणि ती उघडा. आत एकही स्लाइड चित्रासारखी दिसणार नाही. ppt नावाचे फोल्डर दिसेल, त्यात slides, slideMasters, theme, media अशी पोटफोल्डरे आणि slides मध्ये slide1.xml, slide2.xml अशा साध्या मजकुराच्या फाइली. त्या मजकुरात फक्त सूचना आहेत. ही चौकट डावीकडून इतक्या अंतरावर ठेवावी, तिच्यात हा मजकूर असावा, फॉन्ट अमुक, आकार इतका, पहिल्या क्लिकला ती उमटावी. ऑफिस २००७ पासून पॉवरपॉइंट आपले काम असेच साठवते. स्लाइड पडद्यावर दिसते ती दर वेळी या सूचना वाचून नव्याने मांडलेली असते.

ॲपलचे कीनोट जानेवारी २००३ मध्ये आले. त्याची .key फाइल ॲपलच्या स्वतःच्या पद्धतीने लिहिलेली असते आणि पॉवरपॉइंटला ती उघडता येत नाही. याचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. पॉवरपॉइंटची फाइल मॅकवर उघडली की ती वाचून कीनोटच्या रीतीत बसवायचे काम कीनोट करते. कीनोटमधून File > Export To > PowerPoint केले की .pptx लिहायचे कामही कीनोटच करते. म्हणजे दोन्ही दिशांना दुभाष्या एकच. पॉवरपॉइंटमधल्या ज्या सूचनेला कीनोटकडे जोड नाही, तिथे जवळचे काहीतरी निवडायचा निर्णय कीनोट घेते, आणि बहुतेक वेळा तो बरा असतो. पण निवडीची संधीच जितकी कमी ठेवू तितके सादरीकरण शाबूत राहते. म्हणून मोडतोड टाळण्याचे बरेचसे काम रूपांतराच्या आधी, मूळ फाइलीतच करायचे असते.

हे एका उदाहरणावरून पाहू. समजा, एका शिक्षिकेने विंडोजच्या संगणकावर ‘आपल्या गावाचा पाण्याचा ताळेबंद’ या विषयावर अठरा स्लाइडचे मराठी सादरीकरण तयार केले आहे. पाचशे हेक्टरचे शिवार आणि वर्षाला सहाशे मिलिमीटर पाऊस धरला, तर वर्षभरात तीस लाख घनमीटर पाणी आकाशातून पडते. त्यातले किती वाहून जाते, किती जिरते आणि किती उरते, हे त्यांना टप्प्याटप्प्याने दाखवायचे आहे. त्यांचा भाचा मॅकवर काम करतो. तो ते कीनोटमध्ये नीट मांडून देणार आहे, आणि शेवटी ते सभागृहातल्या विंडोज लॅपटॉपवर पॉवरपॉइंटमधून चालायचे आहे. म्हणजे दोन रूपांतरे आली: एक जाताना, एक येताना.

पहिली अडचण फॉन्टची, आणि मराठी सादरीकरणात ती इंग्रजीपेक्षा खोल जाते. पॉवरपॉइंटमध्ये मजकुराच्या तुकड्याला एकच फॉन्ट नसतो. रोमन अक्षरांसाठी वेगळा, चिनी-जपानी अक्षरांसाठी वेगळा आणि देवनागरी, अरबी यांसारख्या लिप्यांसाठी वेगळा, अशा तीन जागा असतात. शिवाय थीममध्ये लिपीनुसार यादी असते. ऑफिसची जुनी नेहमीची थीम उघडून पाहिली तर त्यात असे काही दिसते:

```
<a:latin typeface="Calibri"/>
<a:cs typeface=""/>
<a:font script="Deva" typeface="Mangal"/>
```

याचा अर्थ असा की बाईंच्या चौकटीवर ‘कॅलिब्री’ असे नाव दिसत असले, तरी ‘ताळेबंद’ हा शब्द प्रत्यक्षात मंगलमध्ये उमटतो आहे. कॅलिब्रीत देवनागरी अक्षरेच नाहीत. आता ही फाइल कीनोटमध्ये गेली आणि चौकटीला कॅलिब्री हेच नाव लागले, तर त्यात नसलेली अक्षरे मॅक आपल्याकडच्या दुसऱ्या फॉन्टातून आणते. सध्याच्या मॅकवर तो सहसा कोहिनूर देवनागरी असतो. मंगल आणि कोहिनूर यांची रुंदी वेगळी आणि ओळीची उंचीही वेगळी. त्यामुळे दोन ओळींचे शीर्षक तीन ओळींचे होते किंवा चौकटीतला मजकूर खाली सरकून चित्रावर चढतो.

या बिघाडाची सूचना मिळेलच असे नाही. संगणकावर नसलेला फॉन्ट फाइलीत असला की कीनोट उघडतानाच तसे सांगते आणि बदली फॉन्ट निवडू देते. पण कॅलिब्री मॅकवर बसवलेला असेल, तर कीनोटच्या दृष्टीने काहीच हरवलेले नसते. अक्षरे दिसतात, वाचता येतात, फक्त ती बाईंनी निवडलेली नसतात. इशारा आला नाही म्हणून निर्धास्त होऊ नये, असे मी म्हणतो ते यामुळेच.

उपाय एकच आणि तो पक्का आहे. ज्यात देवनागरी आणि रोमन दोन्ही अक्षरे आहेत असा खुल्या परवान्याचा फॉन्ट घ्यायचा आणि तोच तिन्ही संगणकांवर बसवायचा. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्त’ असा आहे, गूगल फॉन्ट्सवर तो फुकट मिळतो, आणि तिथे त्याचे नाव Mukta असे दिसते. मॅकवर तो फॉन्ट बुकमधून बसतो, विंडोजवर फाइलीवर उजवी क्लिक करून Install निवडायचे. बसवल्यावर फाइल पाठवण्याआधी पॉवरपॉइंटमध्ये Replace Fonts उघडावे. विंडोजवर ते Home मधल्या Replace शेजारच्या बाणाखाली असते. तिथे सादरीकरणात वापरलेल्या सगळ्या फॉन्टांची यादी दिसते. बाईंनी न निवडलेलीही दोन-चार नावे त्यात निघतील, कुठून तरी चिकटवलेल्या परिच्छेदांबरोबर आलेली. त्यांच्या जागी मुक्त घालावा. त्यानंतर प्रत्येक स्लाइडवरचा मराठी मजकूर निवडून फॉन्टच्या खिडकीतूनही मुक्त द्यावा, म्हणजे देवनागरीची जागाही त्याच नावाने भरते. हे काम कंटाळवाणे आहे, पण अठरा स्लाइडना फार वेळ लागत नाही आणि पुढचे निम्मे प्रश्न इथेच संपतात.

जुन्या फाइलींबाबत एक वेगळी खबरदारी. मराठीत बरीच सादरीकरणे अजून युनिकोडच्या आधीच्या श्रीलिपी, शिवाजी अशा फॉन्टांत पडून आहेत. त्यांत ‘पाणी’ हा शब्द देवनागरी म्हणून साठवलेलाच नसतो, रोमन चिन्हे साठवून फॉन्टने त्यांना देवनागरी रूप दिलेले असते. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर अर्थहीन रोमन चिन्हांची ओळ दिसते, आणि दुसरा देवनागरी फॉन्ट लावल्याने ती सुधारत नाही. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यायचा, मगच पुढचे काम. तो बदलताना जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावीत, विशेषतः ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’ यांतला अर्धा र. चूक तिथे हमखास राहते.

फॉन्ट एक झाला की मांडणी बरीचशी सावरते. उरतात दोन गोष्टी. पहिली म्हणजे आपोआप आक्रसणारा मजकूर. चौकटीत मजकूर मावेनासा झाला की पॉवरपॉइंट तो गुपचूप लहान करते. चौकटीवर २८ पॉइंट म्हणून नोंद असते आणि जोडीला ‘याच्या ९० टक्के दाखव’ अशी सूचना असते. बाईंच्या तिसऱ्या स्लाइडवर नऊ ओळींचे मुद्दे आहेत, ते असेच दाबून बसवलेले. कीनोटने अशा चौकटीचा हिशेब स्वतःच्या पद्धतीने केला की अक्षरे एकतर मोठी होऊन बाहेर सांडतात किंवा उगाच बारीक होतात. म्हणून अशा चौकटीवर उजवी क्लिक करून Format Shape मध्ये Do not Autofit निवडावे आणि अक्षरांचा आकार हाताने ठरवावा. नऊ ओळी मावत नसतील तर स्लाइडच दोन कराव्यात. ओळींमधले अंतरही ‘दीडपट’, ‘सव्वापट’ असे पटीत न ठेवता Exactly निवडून पॉइंटमध्ये द्यावे. पट ही फॉन्टच्या स्वतःच्या उंचीवरून मोजली जाते. देवनागरीत वरची वेलांटी आणि खालचा उकार यांसाठी प्रत्येक फॉन्ट वेगळी जागा सोडतो, म्हणून पटीत दिलेले अंतर संगणकागणिक बदलण्याची भीती असते. ठरावीक पॉइंट सगळीकडे तेवढेच राहतात.

दुसरी गोष्ट आराखड्याची. पॉवरपॉइंटमध्ये एक मुख्य मास्टर असतो आणि त्याच्या हाताखाली वेगवेगळे लेआउट असतात. मास्टरवर शाळेचे बोधचिन्ह ठेवले की ते सगळ्या लेआउटवर आपोआप येते. कीनोटमध्ये असा वरचा मास्टर नाही, सगळे लेआउट एकाच पातळीवर असतात. त्यामुळे फाइल कीनोटमध्ये आल्यावर ते बोधचिन्ह बदलायचे झाले, तर एकेका लेआउटमध्ये जाऊन बदलावे लागते. म्हणून पाठवण्याआधी View > Slide Master मध्ये जाऊन न वापरलेले लेआउट काढून टाकावेत. बाईंच्या फाइलीत शीर्षकाचा, मजकुराचा, चित्राचा आणि कोरा असे चार लेआउट पुरतात. स्मार्टआर्टचे एक चित्र पाचव्या स्लाइडवर आहे, त्याचा प्रवाहतक्ता. स्मार्टआर्ट ही पॉवरपॉइंटची स्वतःची वस्तू आहे, कीनोटला ती स्मार्टआर्ट म्हणून सांभाळता येत नाही. तिला Convert to Shapes करून साध्या आकारांत बदलावे, म्हणजे तुकडे कसे पडावेत हे आपण ठरवतो.

आता येतानाच्या वाटेवरची एक आकड्यांची गंमत, जी अनेकांना कळत नाही आणि छळते. पॉवरपॉइंटची रुंद स्लाइड १३.३३ इंच बाय ७.५ इंच असते. इंचाला ७२ पॉइंट या हिशेबाने ती ९६० बाय ५४० पॉइंट होते. कीनोटची रुंद स्लाइड १९२० बाय १०८० पॉइंटची. भाच्याने कीनोटमधली नवी थीम घेऊन त्यात सगळे मांडले आणि तिथून पॉवरपॉइंटची फाइल काढली, तर तिची स्लाइड २६.६७ इंच बाय १५ इंच, म्हणजे नेमकी दुप्पट निघते. पडद्यावर काहीच फरक दिसत नाही, कारण लांबी-रुंदीचे प्रमाण तेच आहे. फरक कळतो तो बाई जुन्या फाइलीतली मजकुराची एखादी चौकट उचलून नव्या फाइलीत चिकटवतात तेव्हा. ४८ पॉइंटचे शीर्षक शेजारच्या शीर्षकांच्या निम्म्याने दिसते. नव्या फाइलीत त्याच दिसण्यासाठी ९६ पॉइंट लागतात.

हे टाळायचे तर भाच्याने सुरुवातीलाच उजवीकडच्या Document पट्टीत Slide Size > Custom निवडून ९६० बाय ५४० घालावे आणि मगच थीम बसवावी. काम झाल्यानंतर लक्षात आले, तर पॉवरपॉइंटमध्ये Design > Slide Size मधून १३.३३ बाय ७.५ इंच करता येते. पण मग प्रत्येक स्लाइडवरचे अक्षरांचे आकार आणि ओळींची अंतरे पुन्हा पाहावी लागतात. माझे मत विचाराल तर पहिलाच मार्ग धरावा.

ॲनिमेशनकडे वळू. इथे सगळ्यात जास्त नुकसान होते आणि ते सगळ्यात उशिरा, सभागृहात कळते. दोन्हीकडे वस्तू येण्याचे, जाण्याचे आणि जागेवर असताना काहीतरी करण्याचे परिणाम आहेत. यातले साधे परिणाम बऱ्याच विश्वासाने पार होतात: वस्तू एकदम उमटणे, हळूहळू उमटणे, एका बाजूने पुसत येणे, बाहेरून सरकत येणे. ज्यांना दुसरीकडे जोड नाही त्यांच्या जागी साधा परिणाम येतो किंवा काहीच येत नाही. वस्तूचा रंग क्लिकवर बदलण्याचा पॉवरपॉइंटचा परिणाम घ्या. कीनोटमधल्या क्रियांत हलवणे, फिरवणे, मोठे करणे, पारदर्शक करणे अशा गोष्टी आहेत, पण भरलेला रंग बदलणे नाही. त्याऐवजी दोन रंगांच्या दोन वस्तू एकावर एक ठेवाव्यात आणि वरची हळूहळू उमटवावी. दिसायला तेच दिसते आणि दोन्ही ॲपना ते कळते.

येणे हरवले तर फारसे बिघडत नाही, वस्तू आधीपासून दिसत राहते. जाणे हरवले तर मात्र स्लाइड वाचता येत नाही. बाईंच्या नवव्या स्लाइडवर चार क्लिक आहेत. पहिल्याला पावसाचा आकडा येतो, दुसऱ्याला वाहून जाणाऱ्या पाण्याचा बाण, तिसऱ्याला तो बाण जाऊन जिरणाऱ्या पाण्याचा बाण त्याच जागी येतो, चौथ्याला उरलेल्या पाण्याचा आकडा. तिसऱ्या क्लिकचे ‘जाणे’ पार झाले नाही, तर दोन बाण एकमेकांवर बसतात आणि श्रोत्यांना काहीच उमगत नाही.

हे पकडायची सोपी युक्ती आहे. प्रत्येक स्लाइडच्या टिपांमध्ये पहिल्या ओळीत क्लिकची संख्या आणि क्रम लिहून ठेवावा: ‘चार क्लिक. पाऊस, वाहणारे, वाहणारे जाऊन जिरणारे, उरलेले.’ टिपा दोन्ही दिशांना मजकुरासारख्या सोबत जातात. रूपांतर झाल्यावर स्लाइड शो सुरू करून मोजायचे. संख्या जुळली नाही तर पॉवरपॉइंटमध्ये Animation Pane आणि कीनोटमध्ये Build Order उघडून कोणती पायरी गळाली ते पाहायचे. तिथेच ‘क्लिकवर’, ‘आधीच्याबरोबर’, ‘आधीच्यानंतर’ यांतले नाते बदलले आहे का तेही दिसते. क्लिकवर सुरू व्हायची पायरी आधीच्याबरोबर जोडली गेली, तर काहीच हरवलेले नसते, पण दोन आकडे एकाच वेळी येतात आणि बोलणाऱ्याची लय तुटते.

नवव्या स्लाइडसारखी महत्त्वाची स्लाइड असेल तर मी आणखी पुढे जाईन. तिच्या चार प्रती करून प्रत्येकीवर त्या त्या टप्प्याची अंतिम स्थिती ठेवावी आणि ॲनिमेशन पूर्ण काढून टाकावे. सादर करताना पुढच्या बाणाची कळ दाबली की पुढचा टप्पा येतो. श्रोत्यांना तो एकाच स्लाइडवर घडल्यासारखा वाटतो, आणि गळायला काही शिल्लकच राहत नाही.

बारावी आणि तेरावी स्लाइड भाच्याच्या आवडीची. बाराव्यावर गावाचा नकाशा, तेराव्यावर तोच नकाशा मोठा होऊन बंधाऱ्यावर स्थिरावतो. कीनोटमध्ये हे मॅजिक मूव्ह नावाच्या संक्रमणाने होते, जे २००९ मध्ये आले. पॉवरपॉइंटमध्ये याच जातीचे मॉर्फ २०१५ च्या अखेरीस आले. दोन्हींची कल्पना सारखीच आहे. पहिल्या स्लाइडची प्रत काढायची, प्रतीवर वस्तू हलवायच्या, मधली हालचाल संगणक भरतो. मॉर्फ वापरलेल्या फाइलीत पॉवरपॉइंट स्वतःच दोन सूचना लिहून ठेवते: ज्याला मॉर्फ कळते त्याने मॉर्फ करावे, ज्याला कळत नाही त्याने साधे विरघळणे दाखवावे. दुसरीकडे मॉर्फच्या जागी नुसते विरघळणे दिसले तर फाइल खराब झाली असे समजू नये, ती पर्यायी सूचना पाळली गेली इतकेच.

मजेची गोष्ट म्हणजे दोन्ही स्लाइडवर वस्तू आपापल्या जागी असतातच, हरवते ती फक्त मधली हालचाल. म्हणून कीनोटमधून आलेल्या फाइलीत तेराव्या स्लाइडला पॉवरपॉइंटमध्ये हाताने मॉर्फ लावावे. कोणती वस्तू कोणती हे पॉवरपॉइंटला ओळखता आले नाही, तर Selection Pane उघडून दोन्ही स्लाइडवरच्या नकाशाला !!नकाशा असे एकच नाव द्यावे. नावापुढे दोन उद्गारचिन्हे असली की मॉर्फ त्या दोघांची जोडी लावतेच. सभागृहातले पॉवरपॉइंट २०१६ चे जुने विकतचे असेल तर त्यात मॉर्फ लावायची सोयच नसेल. तिथे विरघळण्यावर समाधान मानावे.

सभागृहातल्या लॅपटॉपवर मुक्त फॉन्ट बसवायची परवानगी मिळेल याची खात्री नसते. कीनोटने काढलेल्या .pptx मध्ये फॉन्ट सोबत येत नाहीत. म्हणून ती फाइल बाईंच्या विंडोज संगणकावर, जिथे मुक्त बसवलेला आहे, पॉवरपॉइंटमध्ये उघडावी. File > Options > Save मध्ये Embed fonts in the file समोर खूण करावी, त्याखालचा Embed all characters हा पर्याय निवडावा आणि जतन करावी. हे केले नाही तर पॉवरपॉइंट काहीच तक्रार न करता दुसऱ्या फॉन्टात अक्षरे दाखवते, आणि फॉन्टच्या खिडकीत नाव मात्र Mukta असेच दिसत राहते. त्या नावावर विसंबून राहू नये, अक्षरांचा आकार पाहावा. चित्रफीत असेल तर ती मॅकच्या .mov मध्ये न ठेवता एच.२६४ पद्धतीच्या .mp4 मध्ये घालावी, विंडोजवर ती खात्रीने चालते.

भाच्याकडे पॉवरपॉइंट फॉर मॅक असेल तर बाईंची फाइल कीनोटमध्ये न्यायची गरज आहे का, हा प्रश्न आधी विचारावा. ज्या सादरीकरणाचा जीव ॲनिमेशनात आहे आणि जे शेवटी पॉवरपॉइंटमध्येच चालणार आहे, ते पॉवरपॉइंटमध्येच संपवणे शहाणपणाचे. मांडणी आणि चित्रे हेच मुख्य असेल तर कीनोटची वाट जरूर धरावी.

फाइल मात्र एका दिशेला एकदाच न्यावी. दर फेरीत काही सूचना जवळच्या सूचनेने बदलतात आणि बदललेली सूचना परत फिरून मूळची होत नाही. .pptx काढल्यावर बाईंनी सहाशे मिलिमीटरचा आकडा सुधारून पाचशे ऐंशी केला, तर भाच्याने ती फाइल पुन्हा कीनोटमध्ये उघडू नये. आपल्या .key मध्ये तोच आकडा हाताने बदलावा. सुधारणा कोणत्या फाइलीत करायच्या हे दोघांनी पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावे.

आणि जाताना पेनड्राइव्हवर एक पीडीएफही असावी. कीनोटमध्ये File > Export To > PDF निवडल्यावर Print each stage of builds असा पर्याय येतो. त्यावर खूण केली की नवव्या स्लाइडसारख्या ॲनिमेशनच्या प्रत्येक टप्प्याचे वेगळे पान होते, फॉन्ट पीडीएफच्या आतच असतात, आणि पूर्ण पडद्यावर उघडून बाणाच्या कळीने पाने उलटत बाईंना अख्खा ताळेबंद त्याच क्रमाने मांडता येतो.